कॅमेरा वेबकॅम म्हणून लावलाय आणि दर अर्ध्या तासाने चित्र जातंय? आधी घड्याळ बघा

ठाणे-नवी मुंबईत घरून शिकवणी घेणारे, ऑनलाइन मुलाखती देणारे किंवा गाण्याचे क्लास चालवणारे बरेच जण आता घरातला डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरतात. कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर कॅप्चर डोंगलमध्ये आणि डोंगल लॅपटॉपच्या यूएसबीमध्ये, एवढंच काम. पहिल्या दिवशी चित्र बघून घरातले सगळे खूश होतात. मग तक्रार सुरू होते, आणि ती जवळजवळ सगळ्यांची एकच असते: सगळं नीट चाललेलं असताना मध्येच चित्र जातं. पुन्हा लावलं की येतं, पुन्हा जातं.

अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम करतात ते नवीन डोंगल आणण्याचं. ते फुकट जायची शक्यता जास्त, कारण डोंगल हा पाच कड्यांच्या साखळीतली फक्त एक कडी आहे. कॅमेरा, त्याला मिळणारी वीज, एचडीएमआय वायर, डोंगल आणि लॅपटॉपचं यूएसबी यांपैकी कुठेही तुटलं तरी पडद्यावर दिसतं ते एकच: चित्र गेलं. पण प्रत्येक कडी तुटण्याची वेळ वेगळी असते आणि तुटल्यावर मागे उरणारी खूणही वेगळी. म्हणून काहीही विकत घेण्याआधी कागदावर दोन गोष्टी लिहा. सुरू केल्यापासून किती मिनिटांनी चित्र गेलं, आणि गेल्या क्षणी कॅमेरा व लॅपटॉप नेमके कोणत्या अवस्थेत होते.

हे कसं वाचायचं ते एका घरातल्या उदाहरणावरून सांगतो, कारण तिथे दोन वेगळे दोष एकावर एक बसले होते आणि त्यामुळे सगळेच चक्रावले होते.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक ताई नववी-दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतात. संध्याकाळी साडेसहा ते आठ असा वर्ग. मुलाचा जुना डीएसएलआर ट्रायपॉडवर, बाजूला एलईडी पॅनेल, कॅमेऱ्यात डमी बॅटरी, आणि एक स्वस्तातलं डोंगल. मी गेलो तेव्हा टेबलावर दोन डोंगलं पडलेली होती.

"हे दुसरं नवीन आणलं, तरी तेच. आता तिसरं आणू का चांगल्यातलं?"

"थांबा ताई. चित्र जातं तेव्हा कॅमेऱ्यातून काही आवाज येतो का?"

त्यांनी जरा आठवलं. "हो, खट् असा येतो. मला वाटलं ट्रायपॉडचा."

तो आवाज ट्रायपॉडचा नव्हता, आरशाचा होता. डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर सतत दिसणारं चित्र, चालू असताना आतला आरसा वर उचललेला असतो, म्हणूनच सेन्सरवर प्रकाश पडतो आणि एचडीएमआयमधून चित्र बाहेर येतं. लाइव्ह व्ह्यू बंद झाला की आरसा खाली पडतो आणि तो खट् आवाज येतो. म्हणजे कॅमेरा बंद पडला नव्हता, वायर सुटली नव्हती. कॅमेऱ्याने स्वतःहून लाइव्ह व्ह्यू संपवला होता. वरच्या छोट्या डिस्प्लेवर शटर स्पीडचे आकडे तसेच दिसत होते आणि लाइव्ह व्ह्यूचं बटण पुन्हा दाबलं की चित्र लगेच परत येत होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या की टायमरचा संशय घ्यावा.

टायमर आहे हे पक्कं करायला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे घरातला टीव्ही. डोंगल आणि लॅपटॉप बाजूला ठेवायचे, कॅमेऱ्याची एचडीएमआय वायर सरळ टीव्हीला लावायची, आणि तास-दीड तास तसंच सोडून द्यायचं. टीव्हीवरचं चित्रही तेवढ्याच वेळाने गेलं, तर डोंगल, यूएसबी, झूम, विंडोज सगळे निर्दोष. ताईंच्या टीव्हीवर अर्ध्या तासाने चित्र गेलं. नवीन डोंगल परत करता आलं ते यामुळेच. टीव्हीवर आणखी एक गोष्ट आपोआप तपासली जाते: चित्रावर बॅटरीची खूण, फोकसची चौकट, एक्स्पोजरचे आकडे दिसतायत का. दिसत असतील तर एचडीएमआय आउटपुट क्लीन नाही. मेनूमध्ये HDMI Info. Display किंवा तत्सम नावाचं सेटिंग शोधून ते बंद करायचं. काही जुन्या आणि प्राथमिक मॉडेलमध्ये ते सेटिंगच नसतं, आणि मग कितीही महागडं डोंगल लावलं तरी ती चौकट चित्रातून जात नाही.

आता हा अर्धा तास कुठून येतो? मेनूमधलं Auto power off हे सेटिंग ताईंच्या मुलाने आधीच Disable केलेलं होतं, म्हणून त्यांचा ठाम समज होता की टायमरचा प्रश्नच नाही. इथे बरेच जण फसतात. कॅमेरा झोपी जाण्याचा टायमर वेगळा आणि लाइव्ह व्ह्यू संपवण्याचा वेगळा. कॅननच्या बऱ्याच डीएसएलआरच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असतं: Auto power off हे Disable असलं तरी लाइव्ह व्ह्यू साधारण ३० मिनिटांनी आपोआप थांबतो, कॅमेरा मात्र चालू राहतो. निकॉनच्या अनेक डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यूसाठी निराळी मुदत असते आणि ती मुळात १० मिनिटांवर ठेवलेली असते. तुमचं चित्र दर दहा मिनिटांनी जात असेल तर Monitor off delay किंवा Auto off timers या नावाखाली बघा आणि तिथली सगळ्यात लांबची मुदत निवडा. सोनीच्या मिररलेसमध्ये Power Save Start Time नावाचं सेटिंग असतं, तेही बघून घ्यावं.

अर्ध्या तासाचं नाव निघालं की कोणीतरी सांगतंच, "ती २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा आहे, काही करता येत नाही." ती मर्यादा खरी आहे, पण निराळ्या गोष्टीची. युरोपात सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त आयात शुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यांत कार्डावरचं रेकॉर्डिंग त्याच्या एक सेकंद आधी थांबवायला सुरुवात केली. आपण कार्डावर काहीच रेकॉर्ड करत नाही, नुसतं एचडीएमआयमधून चित्र बाहेर काढतो. त्यामुळे ती मर्यादा आपल्याला लागू नाही. लाइव्ह व्ह्यूची मुदत ही सेन्सरची उष्णता आणि बॅटरी वाचवण्यासाठी ठेवलेली असते, आणि तिच्यातून वाट निघू शकते.

वाट निघते का हे ठरवायची चाचणी सोपी आहे. लाइव्ह व्ह्यू सुरू करून विसाव्या मिनिटाला शटरचं बटण अर्धं दाबायचं आणि सोडायचं. मग चित्र तिसाव्या मिनिटाला गेलं, तर तो टायमर सुरुवातीपासून मोजतो आणि दाबण्याचा उपयोग नाही. पन्नासाव्या मिनिटाला गेलं, तर टायमर शेवटच्या हालचालीपासून मोजतो, आणि दर अर्ध्या तासाच्या आत एकदा बटण दाबलं की चित्र कधीच जाणार नाही. ताईंचा कॅमेरा पन्नासाव्या मिनिटाला गेला.

मग प्रश्न उरला तो शिकवता शिकवता कॅमेऱ्याजवळ उठून जाण्याचा. त्यावर उपाय म्हणजे वायर्ड रिमोट, ज्याला शटर रिलीज केबलही म्हणतात. त्याचं बटणही कॅमेऱ्यासारखं अर्धं आणि पूर्ण असं दोन टप्प्यांत दाबलं जातं. मॉडेलप्रमाणे पिन वेगळी असते, तेवढी बघून घ्यायची. रिमोट टेबलावर वहीशेजारी ठेवला, आणि एक गणित सोडवून झालं, मुलं उतरवून घेतायत, की ताई अर्धं बटण दाबतात. एक काळजी मात्र घ्यावी लागते. अर्धं दाबलं की कॅमेरा पुन्हा फोकस करायला जातो आणि दोन सेकंद चेहरा धूसर होऊन परत येतो. शिकवणारा एकाच जागी बसत असेल तर एकदा नीट फोकस करून लेन्सवरची कळ एमएफवर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, सरकवून टाकावी. फोकस पुढे-मागे होत राहण्याची तक्रारही त्याच्याबरोबर संपते. शिवाय चुकून बटण पूर्ण दाबलं गेलं तर फोटो निघतो आणि क्षणभर चित्र काळं होतं, म्हणून पहिले दोन दिवस बोटाला सवय होऊ द्यावी.

इथपर्यंत प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण आठवडाभरात ताईंचा फोन आला. चित्र पुन्हा जातंय, पण आता वेळेचा काही नेम नाही. कधी दहा मिनिटांनी, कधी तासाने, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही.

"खट् आवाज?"

"नाही आला. आणि वरचे आकडेही गेलेत. पूर्ण मेलाय कॅमेरा. बटण बंद करून चालू केलं की येतो."

खूण बदलली म्हणजे दोष बदलला. वरचा डिस्प्लेही कोरा पडला असेल तर टायमरचा संबंध नाही, कॅमेऱ्याची वीजच गेली आहे. हा दोष आधीपासून होता, फक्त दर अर्ध्या तासाला जाणाऱ्या चित्राच्या आड तो लपलेला होता.

डमी बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच जास्त होतं. डमी बॅटरी म्हणजे बॅटरीच्या आकाराचा प्लास्टिकचा ठोकळा, त्यातून निघालेली वायर आणि दुसऱ्या टोकाला अडॅप्टर. यात साठा काहीच नसतो. खरी बॅटरी असताना समोरची वीज क्षणभर गेली तरी कॅमेऱ्याला फरक पडत नाही, डमीमध्ये मात्र अडॅप्टरची वीज जिथे तुटते तिथेच कॅमेरा मरतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटर इन्व्हर्टरवर आहे, ट्यूब आणि पंखा इन्व्हर्टरवर आहेत. वीज एक सेकंदासाठी गेली आणि आली, तर खोलीत बसलेल्या माणसाला नीट कळतही नाही. कळतं ते फक्त कॅमेऱ्याला. ताईंच्या घरी कॅमेऱ्याचा अडॅप्टर ज्या एक्स्टेंशन बोर्डात होता तो बोर्ड गीझरच्या लाइनवरच्या पॉइंटला लावलेला निघाला, म्हणजे इन्व्हर्टरवर नव्हताच. पावसाळ्याच्या तोंडाशी संध्याकाळी वीज अशी झटके देऊन जाते-येते, आणि वर्ग नेमका त्याच वेळेत.

इन्व्हर्टरच्या पॉइंटवर हलवल्यावरही एक बारीक गोष्ट राहते. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंत मध्ये काही मिलिसेकंदांची फट पडते. चांगला अडॅप्टर आपल्या आतल्या कपॅसिटरच्या जोरावर ती फट निभावून नेतो, हलका अडॅप्टर नेत नाही. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे UPS आणि दुसरा साधा मोड अशी निवड असते. UPS मोडमध्ये ही फट बरीच लहान होते, कारण तो मोड कॉम्प्युटर चालू राहावा म्हणूनच दिलेला असतो. ताईंकडे तो साध्या मोडवर होता. तो बदलून, मेन स्विच हाताने पाच-सहा वेळा चालू-बंद करून बघितलं, कॅमेरा चालू राहिला. मेन स्विच हाताने पाडून बघणं हीच या दोषाची खरी चाचणी आहे. वीज जाण्याची वाट बघत बसू नये. फक्त आधी फ्रिज आणि एसी बंद करून घ्यावेत, त्यांच्या कॉम्प्रेसरला असे झटके चालत नाहीत.

घरी इन्व्हर्टर नसेल तर यूएसबीवर चालणारी डमी बॅटरी आणि पॉवर बँक हा चांगला मार्ग आहे. अशा डमीच्या वायरीत एक छोटा डबा असतो, तो ५ व्होल्टचे कॅमेऱ्याला लागणारे ७-८ व्होल्ट करतो. इथे हिशोब जमवावा लागतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये मध्यम आकाराचा डीएसएलआर साधारण ६-७ वॅट खातो असं धरा. हे पडताळायचं तर बॅटरीवरचा आकडा बघा: ७.२ व्होल्ट आणि १८०० एमएएचच्या आसपास, म्हणजे सुमारे १३ वॅट-अवर, आणि ती लाइव्ह व्ह्यूमध्ये दोनेक तास चालते. आता ही डमी लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टात लावली तर तिथून हक्काने मिळतात ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. कॅमेरा सुरू होतो, कदाचित काही मिनिटं चालतोही, आणि लेन्सची मोटर फोकससाठी फिरली की जास्तीचा प्रवाह मागतो आणि बंद पडतो. तुमचा कॅमेरा तुम्ही हललात किंवा हातात वही धरून पुढे आणलीत की बंद पडत असेल, तर हेच कारण समजा. २ अँपिअर देणारा चार्जर किंवा पॉवर बँकेचं तसं पोर्ट वापरा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ३७ वॅट-अवर. दोनदा व्होल्टेज बदलण्यातली तूट वजा जाता पंचवीसेक उरतात, म्हणजे साडेतीन तासांचा वर्ग आरामात निघतो.

मिररलेस वापरणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. अनेक नव्या मॉडेलमध्ये खरी बॅटरी आत ठेवूनच यूएसबीतून वीज देता येते. सोनीच्या मेनूत त्याचं नाव USB Power Supply असं आहे. मग वीज गेली तरी आतली बॅटरी सांभाळून घेते. ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय आहे त्यांनी डमी घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ताईंच्या घरचं इथे संपलं. पण ज्यांची खूण या दोन्हींत बसत नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

चित्र गेल्यावर लॅपटॉपच्या पडद्यावर नेमकं काय उरतं ते बघा. डोंगलला कॅमेऱ्याकडून सिग्नल मिळाला नाही तर ते स्वतःचं काहीतरी दाखवतं: मॉडेलप्रमाणे काळा किंवा निळा पडदा, रंगीत पट्टे, नाहीतर No Signal अशी पाटी. हे दिसत असेल तर डोंगल आणि यूएसबी जिवंत आहेत, दोष कॅमेऱ्याच्या बाजूला शोधायचा. याउलट शेवटचं चित्र तिथेच गोठलं, किंवा झूमने कॅमेरा सापडत नाही असं सांगितलं, आणि विंडोजचा उपकरण काढल्याचा टुंग आवाज आला, तर कॅमेरा बिचारा चालूच आहे, यूएसबीची बाजू तुटली आहे. तेव्हा कॅमेऱ्याच्या मागचा पडदा बघा, तिथे चित्र व्यवस्थित चालू असतं.

यूएसबीची बाजू तुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे स्वस्त हब. त्याच एका हबमध्ये डोंगल, माउस, पेन ड्राइव्ह आणि कधी कधी डमी बॅटरीसुद्धा. डोंगल सरळ लॅपटॉपच्या पोर्टात लावून दोन दिवस बघा. डोंगल हाताला चांगलंच गरम लागत असेल तर ते लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीजवळ नको, छोट्या एक्स्टेंशन वायरीने लांब ठेवा.

याच बाजूची दुसरी तक्रार चित्र जाण्याची नसते, अडखळण्याची असते. डोंगलच्या खोक्यावर ४के लिहिलेलं असतं, पिन निळी असते, आणि तरीही चित्र स्लाइड शोसारखं सरकतं. ४के हा आकडा बहुधा आत काय घेता येतं याचा असतो, बाहेर मिळतं ते १०८०पी. आणि निळी पिन असली म्हणून आत यूएसबी ३ असेलच असं नाही. १०८०पीचं न दाबलेलं, म्हणजे कॉम्प्रेस न केलेलं, चित्र सेकंदाला ३० फ्रेमने पाठवायचं तर १९२० × १०८० × २ बाइट × ३०, म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट, जवळपास १००० मेगाबिट लागतात. यूएसबी २ ची कागदावरची क्षमताच ४८० मेगाबिट. म्हणून अशी डोंगलं चित्र एमजेपेग पद्धतीने दाबून पाठवतात, आणि तुम्ही किंवा तुमच्या सॉफ्टवेअरने YUY2 हा न दाबलेला प्रकार निवडला तर १०८०पीला सेकंदाला पाचेक फ्रेमच मिळतात. ओबीएस वापरत असाल तर Video Format मध्ये MJPEG निवडा. आपलं डोंगल काय काय देतं हे बघायचं असेल आणि एफएफएमपेग घातलेलं असेल, तर विंडोजमध्ये पहिल्या ओळीने नाव कळतं आणि ते नाव दुसऱ्या ओळीत घालायचं:

```
ffmpeg -list_devices true -f dshow -i dummy
ffmpeg -f dshow -list_options true -i video="USB Video"
```

यादीत mjpeg समोर १९२०x१०८० आणि ३० दिसलं की काम झालं. याहून जास्त मागे लागू नका. झूम किंवा मीटवर समोरच्याला बहुतेक वेळा ७२०पी किंवा त्याहूनही कमीच दिसतं. मोठ्या सेन्सरचा आणि चांगल्या लेन्सचा फायदा त्यातही दिसतो, ४केचा दिसत नाही.

४केचा तोटा मात्र दिसतो, आणि तो उष्णतेत. मे महिन्यात बंद खोलीत, रेकॉर्डिंगमध्ये आवाज नको म्हणून पंखा बंद, आणि समोर दिव्याचं पॅनेल: अशा वेळी कॅमेरा तापून बंद पडणं साहजिक आहे. उष्णतेची खूण वेळेच्या अंतरात असते. पहिल्यांदा पन्नास मिनिटं चालतो, लगेच चालू केला तर पंधरा, मग सात. अंतर असं घटत गेलं तर उष्णता, कारण टायमर कधीही दमत नाही, तो दर वेळी तेवढाच वेळ घेतो. बहुतेक मिररलेस बंद पडण्याआधी पडद्यावर थर्मामीटरची खूण दाखवतात, पण एचडीएमआय क्लीन केल्यामुळे ती लॅपटॉपवर दिसत नाही, कॅमेऱ्याच्याच पडद्यावर बघावी लागते.

यावर आधी एचडीएमआय रिझोल्यूशन १०८०पी करा आणि व्हिडिओचा मोडही ४केवरून खाली आणा. उघडता येणारा पडदा असेल तर तो बॉडीपासून बाहेर काढून ठेवा, म्हणजे मागचा पत्रा मोकळा राहतो. कार्डावर रेकॉर्डिंग करू नका. सोनीच्या काही मॉडेलमध्ये Auto Pwr OFF Temp हे Standard वरून High वर नेता येतं. ट्रायपॉडवर असताना ते चालतं, पण कॅमेरा हातात घेतल्यावर चटका बसेल इतका तापू शकतो हे घरच्यांना सांगून ठेवा. छोटा यूएसबी पंखा मागून सोडला तर सगळ्यात जास्त फरक पडतो.

एक सल्ला वारंवार दिला जातो, तो या सगळ्यात नुकसानच करतो: "कॅमेरा पालवरून एनटीएससीवर टाक, ३० फ्रेम झाले की बंद पडणार नाही." पाल म्हणजे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचा मोड आणि एनटीएससी म्हणजे ३० किंवा ६०चा, पण फ्रेमच्या आकड्याचा बंद पडण्याशी संबंध नाही. उलट आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० किंवा ६० फ्रेम आणि शटर १/६० ठेवलं तर बऱ्याच ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली चित्रावर पट्टे सरकायला लागतात. पालच ठेवा, शटर १/५०. दिवे फारच प्रखर असतील तर १/१००.

शेवटी वायर. चित्र सेकंद-दोन सेकंद जाऊन आपोआप परत येत असेल, किंवा जाण्याआधी चित्रावर पांढरे ठिपके चमकत असतील, तर पिन सैल आहे. कॅमेऱ्यांत बहुतेक मिनी किंवा मायक्रो एचडीएमआय असतं आणि मायक्रोचा सॉकेट फारच नाजूक. टीव्हीची जाड वायर आणि तिच्या टोकाला जोडलेला छोटा कन्व्हर्टर असं लावलं की सगळं वजन त्या सॉकेटवर लोंबकळतं आणि महिन्या-दोन महिन्यांत तो ढिला होतो. एका टोकाला मायक्रो आणि दुसऱ्या टोकाला साधी पिन असलेली पातळ, मीटरभर लांबीची अखंड वायर घ्या आणि ती ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोच्या पट्टीने बांधा, कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर, थोडी सैल सोडून. बांधल्यावर खालून वायरीला हलका हिसका द्या आणि लॅपटॉपवर बघा. चित्र हललं नाही तर बांधणी बरोबर आहे. नीट बांधूनही सिग्नल जात असेल तर सॉकेट आतून सुटला आहे, आणि ते काम कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावं लागतं.